लाइट गेलेल्या रात्रीची गोष्ट : मिणमिणणं, लुकलुकणं, दिपणं यातला नेमका शब्द कसा निवडायचा

रात्री लाइट जाते या प्रसंगावर लिहिलेल्या गोष्टी मी बऱ्याच वाचतो, तपासायलाही येतात, आणि त्यात एकच गडबड पुन्हा पुन्हा दिसते. मेणबत्ती लुकलुकते, चंद्र झगमगतो, मांजराचे डोळे लखलखतात. शब्द सगळे छान आहेत पण चुकीच्या जागी बसलेत, आणि वाचणाऱ्याला ती खोली दिसतच नाही. कारण बहुतेक लोक शब्द दिव्याकडे बघून निवडतात, आणि निवडायला हवा तो बघणाऱ्याच्या डोळ्याकडे बघून. तीच मेणबत्ती, तेवढीच ज्योत, पण दहा मिनिटं अंधारात बसलेल्या माणसाचे डोळे ती दिपवते आणि आत्ताच टॉर्च बंद केलेल्या माणसाला ती मिणमिणती वाटते. खालचे टप्पे याच क्रमाने करा, उलटे केले की शब्द आधी येतात आणि खोली मागे राहते.

टप्पा १ : एकही शब्द लिहायच्या आधी उजेडाची यादी

कागदावर दोन रकाने करा. लाइट गेल्यावर काय काय बंद होणार, आणि काय चालू राहणार. हे सोपं वाटतं म्हणून लोक सोडून देतात आणि मग गोष्टीत लाइट गेलेली असताना टीव्हीखालचा लाल ठिपका दिसत राहतो. इन्व्हर्टर नसेल तर तो ठिपका जातो, प्लगात नुसता लावलेला चार्जरचा दिवा जातो, वायफायच्या डबीचे हिरवे दिवे जातात, आणि सगळ्या भागाचीच लाइट गेली असेल तर रस्त्यावरचे दिवेही बहुतेक जातात. उरतं काय? मोबाइलचा स्क्रीन, लॅपटॉप, गाड्यांचे हेडलाइट, लांब कुठेतरी इन्व्हर्टरवर चालणारी एखादी खिडकी, आणि आकाश.

आकाशाचं आधी ठरवा, कारण चंद्र मनाला येईल तेव्हा आणता येत नाही. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताला उगवतो आणि मध्यरात्री वर असतो. शुक्ल अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास मावळतो, कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास उगवतो. म्हणजे रात्री अकराची गोष्ट असेल आणि तुम्ही कृष्ण अष्टमी धरली असेल तर खिडकीत चंद्र अजून आलेलाच नाही. अमावस्या धरली तर चांदणं हा शब्दच गेला. चांदणं म्हणजे चंद्राचा उजेड, चांदण्या म्हणजे तारे. अमावस्येला चांदण्या असतात, चांदणं नसतं, आणि टिपूर चांदणं लिहायचं तर चंद्र भरलेला किंवा भरत आलेलाच पाहिजे.

तपासा: यादीतल्या प्रत्येक उजेडापुढे तो कुठून येतोय ते लिहिलंय का? वरून, खालून, खिडकीतून, हातातून. सावल्या कुठे पडणार ते यावरच ठरतं.

टप्पा २ : डोळ्याचं घड्याळ लावा

उजेडातून एकदम अंधारात आलं की पहिले काही सेकंद काहीच दिसत नाही, दिसतो तो मगाचच्या दिव्याचा डाग, जो नजर फिरवाल तिकडे फिरतो. पाच-दहा मिनिटांत डोळे बरेच सरावतात, दाराची चौकट, पलंगाची कड, माणूस उभा आहे की बसलाय एवढं कळायला लागतं. पुरते सरावायला मात्र २० ते ३० मिनिटं लागतात. आणि ही सगळी कमाई झगझगीत टॉर्चने काही सेकंदात जाते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

गोष्टीत याचा सरळ उपयोग आहे. पहिल्या मिनिटात अंधुक, धूसर, पुसट हे शब्द वापरू नका, तेव्हा मिट्ट काळोख असतो किंवा किट्ट अंधार. अंधुक नंतर येतं. लाइट गेली आणि पुढच्याच वाक्यात तिला आईचा काळजीत पडलेला चेहरा दिसला असं असेल तर ते वाक्य खोटं आहे, ती आईचा आवाज ऐकेल, चपलांची फटफट ऐकेल, चेहरा नाही.

रंगांचंही तसंच. फार कमी उजेडात डोळ्याला रंग कळतच नाहीत, सगळं करडं दिसतं, आणि लाल सगळ्यात आधी काळा पडतो, निळं-हिरवं त्यामानाने जरा उजळ राहतं. मेणबत्ती लावली की रंग परत येतात पण सगळे नाही. तिच्या उजेडात निळा भाग फार थोडा असतो, त्यामुळे लाल-पिवळं खुलतं आणि गडद निळं जवळजवळ काळंच दिसतं. म्हणजे तुमच्या नायिकेची निळी ओढणी मेणबत्तीत चमकली असं लिहिताना थांबायचं.

सावधान: रंगाचं विशेषण सवयीने येतं. अंधाराच्या उताऱ्यातलं प्रत्येक रंगाचं नाव एकदा खोडून बघा, उजेड पुरेसा असेल तरच परत लिहा.

टप्पा ३ : कर्ता कोण? दिवा, उजेड की वस्तू

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून जरा सावकाश. उजेडाच्या गोष्टीत तीन वेगळी पात्रं असतात आणि तिघांची क्रियापदं वेगळी.

पहिला दिवा, म्हणजे जिथून उजेड निघतो ते. दिवा तेवतो, मिणमिणतो, लुकलुकतो, भडकतो, विझतो. ज्योत थरथरते, फडफडते. निखारा धगधगतो, फुंकर घातली की फुलतो.

दुसरा उजेड, म्हणजे दिव्यातून निघून खोलीत आलेला. तो पडतो, पसरतो, झिरपतो, रेंगाळतो, सरकतो, भिंतीवर हलतो. उजेड तेवत नाही आणि लुकलुकतही नाही. मिणमिणता उजेड असं आपण बोलतो ते चालतं, पण उजेड मिणमिणत होता असं पूर्ण वाक्य केलं की कान अडखळतो, कारण मिणमिणत असतो दिवा.

तिसरी वस्तू, जिच्यावर उजेड पडतो. ती चमकते, चकाकते, लकाकते, उजळते. पाण्याचा तांब्या चकाकतो, डोळ्यातलं पाणी चमकतं, चाकूचं पातं लकाकतं. वस्तूकडे स्वतःचा उजेड नसतो. मांजराचे डोळे याच यादीत येतात. त्यांच्या डोळ्यात मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो, त्यामुळे तुमच्या हातातला किंवा डोक्याजवळचा उजेड त्यांच्यावर पडला तर तो उलटून तुमच्याकडेच येतो आणि ते हिरवट-पिवळट चमकतात. पूर्ण अंधारात, उजेडाचा एक थेंबही नसताना, मांजराचे डोळे चमकत नाहीत. भीतीच्या गोष्टींमध्ये हे सर्रास चुकतं, आणि खरं तर बरोबर लिहिलं तर भीती वाढते, कारण डोळे दिसायला आधी तिने टॉर्च तिकडे वळवायला हवा.

आणि झगमगणं, लखलखणं, चमचमणं या शब्दांचं काय? झगमगाट म्हणजे खूप दिवे एकदम लागलेले, डोळ्यांना सणासारखं वाटणारं. लखलखाटात तेज आहे, वीज लखलखते, पातं लखलखतं. चमचम बारीक आणि पुष्कळ ठिकाणी विखुरलेली, वाळूत किंवा पाण्यावर. लाइट गेलेल्या खोलीत यातलं जवळपास काहीच नसतं, त्यामुळे हे तिन्ही शब्द लाइट परत येईपर्यंत बाजूला ठेवा. बाहेर विजा होत असतील तर मात्र लखलखणं एकदा वापरा.

तपासा: प्रत्येक उजेडाच्या क्रियापदाला विचारा, कोण? उत्तर दिवा, उजेड, वस्तू यातलं जे येईल त्याच्या यादीत ते क्रियापद बसतं का बघा.

टप्पा ४ : मेणबत्तीची क्रियापदं, तिच्या क्रमाने

लोक मेणबत्ती लावतात आणि लगेच ती मंद मंद तेवायला लागते. खरी मेणबत्ती तसं करत नाही. काडी लागताच वात भडकते, कारण वातीला आधीपासून मेण लागलेलं असतं. ते जळून गेलं की ज्योत एकदम बारीक होते, कधी निळसर टिकलीएवढी, विझते की काय असं वाटतं. मग खालचं मेण वितळून वातीत चढतं आणि ज्योत परत वर येते. त्यानंतर, आणि वारा नसेल तर, ती तेवते. तेवणं या शब्दात स्थिरपणा आहे, वाऱ्यात तेवणारी ज्योत ही चूक. वारा आला तर ती थरथरते, जास्त आला तर फडफडते, एका बाजूला झुकते, काजळी सोडते.

हा भडकली-बारीक झाली-वर आली-तेवली असा क्रम तुमच्या गोष्टीला फुकटात अर्ध्या मिनिटाचा ताण देतो, तो वाया घालवू नका. बारीक झालेल्या क्षणी कुणीतरी श्वास रोखेल, कुणीतरी हात आडवा धरेल.

अजून एक. ज्योत थोडी हलली की भिंतीवरची सावली खूप हलते, माणूस मेणबत्तीच्या जितका जवळ तितकी त्याची सावली मोठी. म्हणून ज्योतीला साधं क्रियापद द्या आणि हालचाल सावलीला द्या. ज्योत फडफडत होती, सावल्या नाचत होत्या, उजेड थरथरत होता असं तिन्ही एकाच वाक्यात भरलं की काहीच हलत नाही.

सावधान: ज्योत विझते, वीज जाते. ट्यूब विझली असं लिहिलं तर क्षणभर कंदील वाटतो. आपण मुद्दाम बंद करतो तेव्हा दिवा मालवतो किंवा फुंकर मारून विझवतो, आपोआप होतं ते नुसतं विझणं.

टप्पा ५ : मोबाइलचा टॉर्च, म्हणजे डोळ्यांवर येणारा उजेड

हल्लीच्या गोष्टीत मेणबत्तीआधी मोबाइल येतो आणि त्याचे शब्द पूर्ण वेगळे. मेणबत्ती सगळीकडे पसरते, टॉर्चचा झोत असतो, समोरचं भगभगीत दिसतं आणि बाजूचं आधीपेक्षा काळं. टॉर्च अंगावर आला की डोळे दिपतात, माणूस हात आडवा धरतो, तोंड वळवतो. इथे तेज, प्रभा, झळाळी असले शब्द आणू नका, त्यात कौतुक आहे, आणि टॉर्च डोळ्यांवर मारलेल्या माणसाला कौतुक वाटत नसतं.

स्क्रीनचा उजेड अजून वेगळा, खालून चेहऱ्यावर येतो, निळसर पांढरा, हनुवटी आणि नाकपुड्या उजळतात आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. आईचा चेहरा एवढ्या एका तपशिलाने अनोळखी होऊ शकतो.

तपासा: टॉर्च बंद झाल्यावर पुढचं वाक्य काय आहे? तिथे पुन्हा आंधळेपणा यायला हवा, नाहीतर टप्पा २ मधलं घड्याळ मोडलं.

टप्पा ६ : खिडकीतून येणारं

इथे पटकन तीन शब्द नीट करून घेऊ. कवडसा हा उन्हाचा असतो, कौलातून किंवा फटीतून जमिनीवर पडलेला उन्हाचा तुकडा, रात्री चंद्राचा कवडसा लिहिलाच तर चंद्र ठसठशीत हवा आणि फट छोटी हवी. तिरीप म्हणजे उजेडाची बारीक रेघ, दाराच्या फटीतून शेजारच्या टॉर्चची तिरीप येऊ शकते. लुकलुकणं लांबच्या बारीक दिव्याला आणि ताऱ्याला शोभतं, तारे हवेमुळे लुकलुकतात, गुरू किंवा शुक्र बहुतेक वेळा स्थिर दिसतात. हाताच्या अंतरावरची मेणबत्ती म्हणूनच लुकलुकत नाही.

गाडीचे हेडलाइट वरच्या मजल्यावरच्या छतावर येतात तेव्हा उजेडाचा पट्टा गाडीच्या उलट दिशेने सरकतो, गाडी डावीकडून उजवीकडे गेली तर पट्टा उजवीकडून डावीकडे. हे एवढं बरोबर लिहिलं तर ज्याने रात्री जागून छत पाहिलंय तो वाचक लगेच तुमचा होतो.

टप्पा ७ : एक उतारा दुरुस्त करून बघू

सगळ्या नेहमीच्या चुका एकत्र करून हा उतारा मुद्दाम तयार केलाय:

> अचानक लाइट गेली आणि सगळीकडे अंधाराचं साम्राज्य पसरलं. तिने मेणबत्ती लावली. मेणबत्तीचा प्रकाश लुकलुकत होता. त्या प्रकाशात आईचा चेहरा झळाळून निघाला, तिची निळी ओढणी चमकत होती. कोपऱ्यातल्या काळोखात मांजराचे डोळे लखलखत होते. खिडकीतून चंद्र झगमगत होता.

अंधाराचं साम्राज्य आधी काढा, त्यात कुणाचाच डोळा नाही. लुकलुकत ऐवजी मेणबत्तीचा क्रम आणा. झळाळून निघणं सोन्याला किंवा यशाला ठेवा. ओढणीचा रंग जाऊ द्या. मांजराला टॉर्च हवा. आणि चंद्राचं काय करायचं? आपण रात्रीचे अकरा आणि अमावस्या धरू, म्हणजे तो गेलाच. हे करून उतारा असा होतो:

> पंख्याचा आवाज थांबला तेव्हा तिला कळलं. वही, टेबल, हात, काहीच नाही, नुसता ट्यूबचा लांबट डाग डोळ्यांपुढे तरंगत होता.
> "आई, काडेपेटी कुठंय गं?"
> "तू हलू नको, पाय अडकेल. मी येते."
> चपला फटफटत जवळ आल्या. काडी चरचरली आणि तिने डोळे मिटून घेतले. उघडले तर वात भडकून बारीक झालेली, निळसर टिकलीएवढी. आईने हात आडवा धरला. ज्योत सावकाश वर आली तशा आईच्या बोटांच्या कडा तांबूस झाल्या, पण ओढणी काळीच राहिली.
> कपाटाखाली काहीतरी खरखरलं. तिने मोबाइलचा टॉर्च तिकडे मारला. दोन हिरवट ठिपके चमकले, वळले, गेले.
> "मांजर आहे गं. बंद कर ते, डोळ्यांवर येतंय."
> तिने टॉर्च बंद केला. मगाशी डोळे मिटायला लावणारी मेणबत्ती आता टेबलावर नुसती मिणमिणत होती.

शेवटचं वाक्य बघा. मिणमिणणं हा शब्द घासून गुळगुळीत झालाय, तरी इथे तो ताजा वाटतो कारण ज्योत तेवढीच आहे, बदललेत ते डोळे. आणि पूर्ण उताऱ्यात उजेडाचं नाव घेऊन केलेलं एकही कौतुक नाही. उजेडाचे खास शब्द मोजके आहेत, भडकून, तांबूस, चमकले, मिणमिणत, बाकी काम हात, आवाज आणि पापण्या करतात. एवढंच प्रमाण मला योग्य वाटतं, दर वाक्याला एक उजेडाचा शब्द आला की वाचणारा ते शब्द वाचणं सोडून देतो.

सावधान: दुरुस्ती करताना नवे शब्द शोधत बसू नका. शब्दकोशातून आभा, दीप्ती, कांती उचलून आणले तर रात्री चाचपडणाऱ्या मुलीच्या डोक्यात ते येणार नाहीत. तिच्या तोंडी जो शब्द येईल तोच निवेदनात ठेवा, निवेदक वेगळा आणि जाणता असेल तर गोष्ट वेगळी.

टप्पा ८ : लाइट परत आणणं

खोली प्रकाशाने उजळून निघाली, असं लिहून लोक गोष्ट मिटवतात. पण अंधारात अर्धा तास काढलेल्या माणसाला लाइट येणं सुखाचं नसतं, निदान पहिले काही सेकंद तरी. डोळे दिपतात, चुरचुरतात, माणूस कपाळावर हात धरतो. जुनी ट्यूब असेल तर आधी दोन-तीनदा उघडझाप करते आणि मग लागते, एलईडी एकदम लागतो, तुमच्या घरात कुठला आहे ते टप्पा १ च्या यादीत लिहिलेलं असायला हवं. उजेडाला सरावायला अंधाराइतका वेळ लागत नाही, एखाद-दोन मिनिटांत सगळं नेहमीचं दिसायला लागतं, त्यामुळे हा त्रास दोन वाक्यांपेक्षा लांबवू नका. रंग एकदम परत येतात, म्हणजे ओढणीचा निळा रंग पहिल्यांदा लिहायची जागा ही आहे, आधी नाही.

मेणबत्ती अजून जळतच असते, ती विसरू नका. ट्यूबच्या उजेडात तिची ज्योत फिकी पडते, ती आता तेवतही नाही आणि मिणमिणतही नाही, नुसती जळते.

शेवटची तपासणी: उतारा मोठ्याने वाचा आणि उजेडाच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. मग प्रत्येक रेघेपाशी विचारा की बघणारा कुठे उभा आहे आणि मिनिटभर आधी त्याच्या डोळ्यांपुढे काय होतं. ज्या रेघेचं उत्तर देता येत नाही तो शब्द काढा, आणि वाक्य त्याच्याशिवाय उभं राहत असेल तर दुसरा शोधू नका.